कागद, जाळी की फडकं: कपातला फरक नेमका कशामुळे पडतो

प्रश्न: मी रोज कोनमध्ये, म्हणजे शंकूच्या आकाराच्या गाळणीत, कागदी फिल्टर लावून कॉफी करतो. जाळीत तेल अडत नाही म्हणून चव "पूर्ण" येते असं ऐकलं आणि स्टीलचा फिल्टर घेतला. पूड, पाणी, दळण सगळं तेच ठेवलं, पण कप गढूळ आणि कडवट येतो. मग कापडी फिल्टर आणला. पहिले काही कप सुरेख लागले, आता त्याला वास येतो. तेलाचं एवढं महत्त्व खरंच आहे का? आणि या तिघांना धुवायचं कसं?

उत्तर:

तुमच्या जाळीच्या कपातला कडवटपणा बहुतांशी तेलाचा नाही, गाळाचा आहे. जाळीतून दोन वेगळ्या गोष्टी कपात उतरतात, एक तेल आणि दुसरी अगदी बारीक पूड. त्या एकत्रच येत असल्यामुळे चांगल्या-वाईट सगळ्याचं श्रेय लोक तेलाला देऊन टाकतात. या दोन गोष्टी वेगळ्या करून चाखल्या की तिन्ही फिल्टरांचं वागणं उलगडतं, आणि ते घरच्या घरी करता येतं.

त्याआधी एक गोष्ट. तीन फिल्टर घेऊन तीन वेळा कॉफी केली आणि तुलना केली, तर ती फिल्टरची तुलना होत नाही. जाळीतून पाणी भराभर खाली जातं, कागदातून सावकाश. म्हणजे पुडीला पाण्याचा सहवास कमी-जास्त मिळतो आणि अर्कच वेगळा निघतो. म्हणून अर्क एकदाच काढायचा आणि तोच वाटून गाळायचा.

मी शिकवताना हे असं करतो. ४० ग्रॅम कॉफी जाडसर दळायची, भरड साखरेहून किंचित मोठी. ती मोठ्या जगमध्ये टाकून ९५ अंशांच्या आसपासचं ७०० ग्रॅम पाणी ओतायचं. चार मिनिटांनी एकदा ढवळायचं आणि साध्या, मोठ्या भोकांच्या गाळणीतून सगळं दुसऱ्या गरम भांड्यात काढायचं. चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हाती सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम कॉफी येते. चोथा बाजूला गेला, म्हणजे अर्क निघणं जवळजवळ थांबलं. आता भांडं ढवळत ढवळत चार सारखे वाटे करायचे, प्रत्येकी दीडशे ग्रॅमचे. पहिला वाटा धुतलेल्या कागदातून गाळायचा, दुसरा फडक्यातून, तिसरा जाळीतून. चौथाही जाळीतूनच, पण तो दहा मिनिटं न हलवता ठेवायचा, निवळू द्यायचा, आणि वरची दोन तृतीयांश कॉफी चमच्याने अलगद काढून घ्यायची. चारही काचेच्या पेल्यांत हवेत. चौथा निवळेपर्यंत बाकीचे झाकून ठेवा, म्हणजे सगळे साधारण सारख्या तापमानाला चाखता येतील. फडकं या प्रयोगापुरतं तरी नवं आणि उकळलेलं घ्या, तुमचं आत्ताचं नको.

चाखण्याआधी बघा. पेला दिव्यासमोर धरला की कागदाचा वाटा आरपार दिसतो, तांबूस आणि नितळ. फडक्याचा जवळपास तसाच, पण जरासा धुरकट. जाळीचा अपारदर्शक. मग पेला तिरपा करून पृष्ठभागावर उजेड पडेल असा धरा. जाळीच्या दोन्ही वाट्यांवर तवंग दिसेल, फडक्याच्या वाट्यावर तुटक ठिपके, कागदाच्या वाट्यावर बहुधा काहीच नाही. तवंग म्हणजे तेल, तळाशी बसतो तो गाळ. नुसत्या डोळ्यांनी एवढी पारख होते.

आता चव. आधी पहिला आणि तिसरा चाखा. हा नेहमीचा कागद विरुद्ध जाळी सामना, आणि फरक मोठा वाटतो. मग तिसरा आणि चौथा चाखा. दोन्ही जाळीतून आलेले, दोन्हींत तेल आहे, फरक फक्त गाळाचा. जिभेच्या कडांना जाणवणारा खरखरीतपणा, घशाशी रेंगाळणारी तुरट कडवट चव, फळांच्या आंबटपणावर पडलेलं पांघरूण, यातलं बरंचसं चौथ्या पेल्यात गायब असतं. शेवटी पहिला आणि चौथा चाखा. इथे उरतो तो मुख्यतः तेलाचा फरक. चौथा तोंडात जाडसर, गुळगुळीत लागतो, आंबटपणा थोडा गोलसर होतो, चव जिभेवर जास्त वेळ थांबते. पहिला हलका, धारदार आणि सुट्या सुट्या चवींचा. अगदी सूक्ष्म कण चौथ्यातही तरंगत असतात, त्यामुळे ही विभागणी शंभर टक्के चोख नाही. कल्पना येण्यापुरती मात्र पुरेशी आहे.

आणखी एक गोष्ट या प्रयोगात लक्षात येते. दुसरा आणि चौथा पेला एकमेकांच्या बरेच जवळ असतात. फडकं गाळ अडवतं आणि तेलातलं थोडं सोडतं, म्हणजे निवळलेल्या जाळीच्या कॉफीकडे झुकणारा कप देतं. फडक्याची कॉफी लोकांना का आवडते याचं माझ्या मते निम्मं उत्तर इथेच आहे.

तेल कुठून येतं आणि कुठे अडतं

अरेबिका दाण्यात वजनाच्या साधारण १५ टक्के चरबी असते, रोबस्टात १० टक्क्यांच्या आसपास. भाजताना दाण्याची बांधणी फुटते आणि हे तेल मोकळं होतं. गडद भाजलेल्या दाण्यांवर जी चमक दिसते ती त्याचीच. पण तेल पाण्यात विरघळत नाही. आंबटपणा देणारी आम्लं, कॅफिन, गोडसर आणि कडवट चव देणारे बहुतेक पदार्थ पाण्यात विरघळतात आणि ते तिन्ही फिल्टरांतून सारखेच खाली जातात. म्हणून "कागदाने चव गाळली" हे म्हणणं अर्धवट आहे. कागदाने प्रामुख्याने तेल, त्या तेलात मुरलेले काही सुगंध आणि गाळ काढून घेतला. तोंडाला जाणवणारा पोत बदलला, आणि पोत बदलला की त्याच चवी वेगळ्या जाणवतात.

उतरणारं तेल तसं फार नसतं. उकळलेल्या किंवा जाळीतून काढलेल्या एका कपात ते साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर असतं. कागदातून आलेल्या कपात जेमतेम काही मिलिग्रॅम. एवढ्याशा प्रमाणातही जिभेवर थर बसतो आणि तो आंबटपणाची धार कमी करतो. तुमची कॉफी हलकी भाजलेली, फुलांच्या वासाची असेल, तर हीच धार हवी असते आणि तेल तिच्या आड येतं. मध्यम ते गडद भाजलेली असेल, तर तोच थर कडवटपणाला मऊ करतो.

कागद तेल कसं अडवतो याबद्दल समजूत अशी की भोकं बारीक, म्हणून तेल अडकतं. ते पूर्ण खरं नाही. कोनमध्ये कॉफी करताना बरंचसं तेल चोथ्याच्या थरातच धरून ठेवलं जातं, कारण पाणी त्यातून हळूहळू झिरपतं आणि तेल पुडीला चिकटूनच राहतं. जे निसटतं ते बऱ्याचदा बारीक कणांवर बसून निसटतं, आणि ते कण कागद अडवतो. शिवाय कागदाचे तंतू स्वतःही तेल शोषतात. जाळीत यातलं फक्त चोथ्याचं काम शिल्लक राहतं. त्यामुळे जाळीच्या कोनमधली कॉफी आणि फ्रेंच प्रेसमधली कॉफी यांतही तेलाचा फरक पडतो. दोन्हीकडे जाळीच, पण प्रेसमध्ये पूड पाण्यात मोकळी तरंगते, कोनमध्ये तिचा थर बसतो.

इथे आरोग्याबद्दल दोन वाक्यं, कारण ती तेलाशीच बांधलेली आहेत. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेओल नावाचे पदार्थ असतात आणि ते रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या १९८३ सालच्या अभ्यासात कॉफी आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध ठळकपणे पुढे आला, आणि नंतरच्या संशोधनात बोट न गाळलेल्या, उकळलेल्या कॉफीकडे वळलं. कागदातून हे पदार्थ जवळजवळ उतरत नाहीत. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितलं असेल आणि दिवसाला तीन-चार कप होत असतील, तर कागदच वापरा. तिथे चवीचा वाद मध्ये आणू नका.

गाळाचं काय करायचं

ग्राइंडर कितीही चांगला असला तरी दाणा फुटताना थोडी धूळ होतेच. शंभर मायक्रॉनपेक्षा लहान कणांना आमच्या धंद्यात फाइन्स म्हणतात. कागदातल्या तंतूंमधल्या वाटा साधारण दहा-वीस मायक्रॉनच्या, त्यामुळे बहुतेक फाइन्स अडतात. नेहमीच्या विणलेल्या जाळीची भोकं शंभर ते काहीशे मायक्रॉनची, म्हणजे फाइन्सना दार उघडंच. गडद भाजलेला दाणा ठिसूळ होतो आणि जास्त धूळ करतो. पात्यांच्या ग्राइंडरमध्ये तर धूळ आणि खडे दोन्ही भरपूर मिळतात, त्या पुडीला जाळी लावणं मला पटत नाही.

कपात गेलेले फाइन्स गप्प बसत नाहीत. गरम पाण्यात पडून राहिल्यामुळे ते अर्क सोडत राहतात आणि जे शेवटी निघतं ते तुरट आणि कडवट असतं. शिवाय तरंगणारे कण प्रत्येक घोटाबरोबर थेट जिभेवर येतात. कप पिऊन होत आला की चव बिघडत जाते अशी तक्रार जाळीवाले करतात, तिचं कारण हे आहे. तुमचा कप पहिल्या घोटालाच कडवट असेल तर दळण आणि ओतण्याची पद्धत दोन्ही तपासा. पहिला घोट ठीक आणि शेवटचा वाईट असेल, तर तो गाळ.

आता तुमची अडचण आकड्यांत घेऊ. समजा कागदावर तुमचं माप १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी, ९३ अंश आणि एकूण तीन मिनिटं आहे. तेच जाळीत टाकलं तर पाणी सव्वादोन मिनिटांच्या आसपासच खाली जाईल, कारण कागदाचा अडसर गेला. बहुतेक जण इथे वेळ पुन्हा तीन मिनिटांवर आणण्यासाठी दळण बारीक करतात. वेळ जमतो, कप बिघडतो. बारीक दळल्याने फाइन्स वाढतात आणि ते अडवायला खाली कागद नाही.

उलट्या दिशेने जा. दळण कागदापेक्षा एक-दोन टप्पे जाडच करा. जाड पुडीतून अर्क कमी निघेल, त्याची भरपाई पूड वाढवून करा, १५ ऐवजी १७ ग्रॅम, पाणी तेवढंच. पहिलं ४० ग्रॅम पाणी ओतून पूड चाळीस सेकंद फुलू द्या, नंतर उरलेलं पाणी बारीक धारेने मधोमध, कमी उंचीवरून आणि तीन-चार भागांत सोडा. कोन हलवू नका, पूड चमच्याने ढवळू नका, धार कडेच्या जाळीवर नेऊ नका. कागदात कडेला ओतलं तरी फाइन्स कागदावर अडकून राहतात. जाळीत मात्र कडेला ओतणं म्हणजे त्यांना धुऊन सरळ खाली पाठवणं. पाण्याची पहिली खेप उतरली की चोथ्याचा थर स्वतःच गाळणीचं काम करू लागतो. तो थर मोडला नाही तर नंतरचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येतं. सुरुवातीला उतरणारे पंधरा-वीस ग्रॅम सगळ्यात गढूळ असतात, हे काचेच्या भांड्यात डोळ्यांनी दिसतं.

कॉफी उतरली की लगेच कपात ओतू नका. भांडं तीन-चार मिनिटं न हलवता ठेवा, मग एका लयीत कपात ओता आणि तळाचा घोटभर भाग भांड्यातच सोडून द्या. थंड होण्याची भीती वाटत असेल तर भांडं आधी उकळत्या पाण्याने तापवा. हा शेवटचा टप्पा फुकटचा आहे आणि बाकी सगळ्यांपेक्षा जास्त परिणाम करतो. एवढं करूनही कप खरखरीतच राहिला, तर दोष बहुधा ग्राइंडरचा. दळलेली पूड किचन पेपरवर पसरून कागद हळूच तिरपा करा. खडे घरंगळतील, धूळ चिकटून राहील. ती ठळक थर करत असेल तर जाळी तुमच्या ग्राइंडरला मानवणारी नाही, हा सरळ हिशोब.

धुणं

धुण्याच्या बाबतीत तिन्ही फिल्टर वेगवेगळ्या वेळी त्रास देतात. कागद वापरण्याआधी, जाळी आणि फडकं वापरल्यानंतर. पण तपासणी तिघांची एकच आहे. रिकाम्या फिल्टरमधून दीडशे ग्रॅम गरम पाणी कपात गाळा, शेजारी तसंच न गाळलेलं पाणी ठेवा, जरा निवल्यावर दोन्हींचा वास घ्या आणि चाखा. फरक जाणवला, तर तो तुमच्या कॉफीत रोज जातो आहे.

कागदाचं काम लवकर संपतं. शिवण दुमडून कागद कोनमध्ये बसवा, गरम पाणी वरच्या कडेपासून फिरवत ओता, कागद सगळीकडे भिंतीला चिकटला की खालचं पाणी फेकून द्या. तपकिरी, न विरंजलेल्या कागदाला पुठ्ठ्यासारखी चव असते आणि पाण्याच्या तपासणीत ती स्पष्ट कळते. त्याला दीडशे-दोनशे ग्रॅम पाणी लागतं आणि तरी कधीकधी थोडी उरते. पांढऱ्या, ऑक्सिजनने विरंजलेल्या कागदात ती इतकी कमी असते की डोळे बांधून चाखल्यावर अनेकांना धुतलेला आणि न धुतलेला ओळखता येत नाही. तरी मी पांढराही धुतो. कागद नीट चिकटतो आणि कोन व भांडं तापतं, एवढं कारण मला पुरतं. जाड कागद असेल तर धुणं सोडू नका, कागदाचं वस्तुमान जास्त म्हणजे चवही जास्त.

हा कागद १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी आणला. भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घालून त्यांनी पहिला फिल्टर केला. त्यांची तक्रार तुमच्यासारखीच होती, कपातल्या गाळाची आणि कडवटपणाची.

जाळी वापरून झाली की लगेच, चोथा ओला असतानाच झटकून उलट्या बाजूने वाहत्या गरम पाण्याखाली धरा. आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत, म्हणजे भोकांत बसलेले कण आलेल्या वाटेने परत जातात. रोज मऊ ब्रश आणि थोडा भांड्यांचा साबण चालतो, स्टील वास धरत नाही. पण दुहेरी जाळी असेल तर दोन थरांमध्ये तेल साचतं, तिथे ब्रश पोचत नाही आणि ते खवट होतं. दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी एक लिटर खूप गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट ही ऑक्सिजनवाली विरंजक पावडर घालून जाळी अर्धा तास बुडवून ठेवा. पाणी चहासारखं तपकिरी झालं तर समजा गरज होती. नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि पाण्याची तपासणी करा. हे पाणी हाताला लावू नका आणि ॲल्युमिनियमचा भाग त्यात घालू नका, तो काळवंडतो.

एवढं करूनही पाणी जाळीत तुंबत असेल तर ती उजेडासमोर धरा. काळपट चट्टे दिसले आणि परकार्बोनेटने गेले नाहीत, तर तो पाण्यातला क्षार असू शकतो. त्यावर सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी चालतं, पण परकार्बोनेटमध्ये मिसळून नव्हे, वेगळ्या वेळी.

फडक्याचा वास

आता तुमच्या कापडी फिल्टरकडे. सुती फ्लॅनेल तेल शोषतं आणि हाच त्याचा गुण. पण शोषलेलं तेल कापडातच राहतं, आणि हवा लागून सुकलं की खवट होतं. तुम्ही वापरल्यावर फडकं धुऊन वाळत घालत असाल, असा माझा अंदाज आहे. इतर कुठल्याही कापडाला योग्य असलेली ही सवय याला मारते. साबणाने धुतलं असेल तर त्याचा वासही त्यातच बसला.

आधी ते वाचतं का बघू. रुंद भांड्यात पाणी उकळून गॅस बंद करा, लिटरला एक चमचा परकार्बोनेट घाला, फडकं वीस मिनिटं बुडवा. बाहेर काढून वाहत्या पाण्यात खळखळून धुवा, मग स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं उकळा. ते पाणी फेकून पुन्हा नव्या पाण्यात दहा मिनिटं. आता पाण्याची तपासणी. जुन्या शेंगदाण्यांसारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास येत असेल तर फडकं टाकून द्या, तो पुढच्या उकळीने जाणार नाही.

नवं आणलं तर पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटं उकळा. कापडाला खळ असते, ती निघाली नाही तर पाणी नीट उतरत नाही आणि कप कांजीसारखा लागतो. उकळताना चमचाभर वापरलेला चोथा घालायची पद्धत आहे, कोऱ्या सुताचा वास त्याने दबतो. फ्लॅनेलची एक बाजू लवदार असते. मी ती बाहेर ठेवतो, कारण आत असली की लवेत फाइन्स गुंततात आणि फडकं लवकर तुंबतं. काही जण मुद्दाम आत ठेवतात, त्यांना संथ धार हवी असते. दोन्ही चालतं, पण एकदा ठरवलं की फिरवू नका.

कॉफी करण्याआधी फडकं गरम पाण्यातून काढून घट्ट पिळा आणि कोरड्या टॉवेलमध्ये दाबून घ्या. ओलं फडकं बरंच पाणी धरतं, ते न पिळता वापरलं तर कॉफी पातळ आणि कोमट होते. झाल्यावर चोथा काढा, नुसत्या गरम पाण्यात आतली बाजू बाहेर करून धुवा, साबण नाही. मग स्वच्छ थंड पाण्याच्या झाकणबंद डब्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा आणि पाणी रोज बदला. कापड बुडालेलं असलं की हवा कमी लागते, थंड असलं की तेल खवट व्हायला वेळ लागतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं उकळा. आठ-दहा दिवस बाहेर जाणार असाल तर पिळून, पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये टाका आणि परत आल्यावर उकळून वापरा.

एवढं जपूनही फडकं हळूहळू बदलत जातं. सुरुवातीला धार सैल असते, मग काही दिवस सगळं छान जमतं, आणि नंतर तंतूंत साचलेल्या कणांमुळे धार मंदावत जाते. फडकं बदलायची वेळ मी रंगावरून ठरवत नाही, तपकिरी तर ते दुसऱ्या दिवशीच होतं. नवं असताना १५ ग्रॅम आणि २५० ग्रॅमला किती वेळ लागला तो डब्यावर लिहून ठेवा. उकळल्यानंतरही तोच कप त्या वेळेपेक्षा अर्ध्या मिनिटाहून जास्त उशिरा उतरू लागला, किंवा कप निवल्यावर मागे तुरटपणा यायला लागला, तर नवं काढा.

तुमच्यासाठी

कॉफी किती भाजलेली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा निवड त्यावर सोडतो. हलकी भाजलेली, आंबटगोड फळांची चव असलेली असेल तर कागदच ठेवा, तेल तिथे काही भर घालत नाही. मध्यम असेल आणि दूध घालत नसाल तर जाळी वर दिलेल्या मापाने करून बघा, पण भांड्यात निवळू देण्याचा टप्पा गाळू नका. दूध घालत असाल तर दुधाची स्वतःची स्निग्धता कॉफीच्या तेलाला झाकून टाकते, मग जाळीचा फायदा फारसा उरत नाही आणि गाळ तेवढा जाणवतो. गडद असेल तर माझी पसंती फडक्याला. एरवीपेक्षा जास्त पूड, साधारण २० ग्रॅमला २०० ग्रॅम पाणी, तापमान ८५ ते ८८ अंशांवर उतरवलेलं आणि धार अगदी बारीक, म्हणजे गडद भाजणीचा जळकटपणा मागे राहतो आणि कप दाट येतो. रोज डब्यातलं पाणी बदलणं जमणार नसेल तर मात्र फडक्याच्या नादी लागू नका. गडद कॉफी कागदातूनच काढा आणि पाणी याच तापमानाला ठेवा.